मेटाबॉलिक सिंड्रोम आणि वजन: कोणता आकडा, कधी आणि कशासाठी बघायचा

प्रश्न: वय ४४, उंची १६८ सेंमी, वजन ८४ किलो, पोटाचा घेर १०२ सेंमी. दोन महिन्यांपूर्वीचे रिपोर्ट असे: ट्रायग्लिसराइड २२८, एचडीएल ३६, उपाशीपोटी साखर ११२, एचबीए१सी ६.१, बीपी १३८/८८. गोळ्या कसल्याच नाहीत. डॉक्टर म्हणाले मेटाबॉलिक सिंड्रोम आहे, वजन कमी करा. दिवसभर दुकानात बसून काम, चार वेळा चहा, संध्याकाळी फरसाण. तेव्हापासून रोज अर्धा तास चालतोय, पण काटा ८३ ते ८५ मध्येच फिरतो. किती वजन, किती दिवसांत उतरवायचं आणि उपयोग होतोय की नाही हे कशावरून ओळखायचं?

उत्तर:

तुमचं चालणं वाया गेलेलं नाही. ते वजनाच्या काट्यावर दिसणं इतक्यात शक्यच नव्हतं. तुमच्या वजनाच्या माणसाचे अर्धा तास चालण्यात जास्तीचे शंभर-सव्वाशे कॅलरी खर्च होतात. साठ दिवसांचे झाले सहा-सात हजार. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात, म्हणजे खाणं अजिबात न वाढवताही फार तर पाऊण-एक किलो उतरलं असेल. दुसरीकडे तुमचा काटा दोन किलोंच्या पट्ट्यात फिरतोय. आदल्या रात्रीचं मीठ, पोट साफ होणं न होणं, शरीरातलं पाणी यांनीच एवढा फरक पडतो. त्या हलण्यात हे पाऊण किलो बुडून गेलं.

म्हणून 'किती किलो' हा तुमच्या अडचणीचा एक भाग झाला. माझ्या मते खरी अडचण अशी आहे, की एकच आकडा तुम्ही रोज बघताय आणि त्याच्याकडून अशा गोष्टीचं उत्तर मागताय जी तो तीन-चार आठवड्यांआधी सांगू शकत नाही. मी फिजिशियन आहे आणि माझ्या ओपीडीत अशा रुग्णांची योजना करताना प्रत्येक आकड्यासोबत दोन गोष्टी लिहिते: तो किती दिवसांनी बोलू लागतो, आणि तो अमुक झाला तर आपण काय बदलणार. ज्या आकड्याने काहीच बदलणार नाही, तो मोजायला सांगतच नाही.

आधी हे सांगते की खालचे आकडे तुमच्या परिस्थितीला धरून आहेत. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, वय सत्तरीच्या आसपास असेल किंवा गरोदरपण असेल, तर हिशेब वेगळा होतो. साखरेची गोळी चालू असताना खाणं कमी केलं तर साखर एकदम उतरू शकते. तिथे आधी औषधाचा डोस बघावा लागतो, वजन नंतर.

ध्येय किती

मेटाबॉलिक सिंड्रोम ठरतो पाच गोष्टींवरून: पोटाचा घेर, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी, एचडीएल म्हणजे जास्त असलेलं बरं असं चांगलं कोलेस्टेरॉल, बीपी आणि उपाशीपोटीची साखर. पाचांपैकी तीन बिघडल्या की निदान होतं. आपल्याकडच्या पुरुषांना घेराची मर्यादा ९० सेंमी आहे, बायकांना ८०. तुमच्या पाचही बिघडलेल्या आहेत. म्हणजे ध्येयही या पाचांतूनच निघायला हवं. उंचीच्या तक्त्यावरून काढलेलं 'आदर्श वजन' इथे फारसं कामाचं नाही. तुमच्या उंचीला तो तक्ता ६५ किलोंच्या आत यायला सांगेल, आणि १९ किलोंचा डोंगर समोर ठेवला की बहुतेक माणसं दुसऱ्या महिन्यातच वही बंद करतात.

मी वजनाच्या ७ टक्क्यांपासून सुरू करते. अमेरिकेतल्या डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००२ साली आले, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना ७ टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम एवढंच ध्येय दिलं होतं. सुमारे तीन वर्षांत त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी निघालं. ८४ किलोंचे ७ टक्के म्हणजे जवळजवळ ६ किलो. सहा महिन्यांत ७८, आणि मधला थांबा तीन महिन्यांनी ८१ च्या खाली. आठवड्याला पाव किलो उतरलं तरी हे जमतं.

हा पाव किलो नीट लक्षात ठेवा. आठवड्याची उतरण पाव किलो आणि रोजचं हलणं किलोभर, तर सोमवारचं वजन मंगळवारच्या वजनाशी ताडून काहीच कळणार नाही. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा, लिहा आणि विसरा. रविवारी सात दिवसांची सरासरी काढा आणि ती चार आठवड्यांपूर्वीच्या सरासरीशी ताडा. एवढ्या अंतराने किलोभराचा फरक असेल तर तो खरा धरायला हरकत नाही. रोजच्या आकड्याने जीव खालीवर होत असेल तर आठवड्यातून तीनदाच करा, सरासरी मात्र काढाच.

घेर मोजायचा तो असा

घेराला मी वजनापेक्षा जास्त किंमत देते, कारण आतल्या अवयवांभोवतीची चरबीच या सगळ्या बिघाडाच्या मुळाशी असते आणि ती घेरात दिसते. पण हाच आकडा सगळ्यात जास्त चुकीचा मोजला जातो. पँटचा नंबर म्हणजे घेर नव्हे, पोटाखाली बांधलेला पट्टा कितीही वर्षं ३६ राहू शकतो.

शिंप्याची टेप घ्या. कुशीत हात फिरवून सगळ्यात खालची बरगडी शोधा, मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ शोधा. दोन्हींच्या बरोबर मध्ये पेनाने खूण करा, दोन्ही बाजूंना. सकाळी उपाशीपोटी, पाय थोडे फाकवून उभे राहा. टेप त्या खुणांवरून जमिनीला समांतर फिरवा, अंगाला टेकलेली पण न रुतणारी. श्वास सहज बाहेर सोडा आणि तेव्हाचा आकडा वाचा. पोट आत ओढू नका. दोनदा मोजा, दोन आकड्यांत सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजून जवळचे दोन धरा. दर वेळी एकाच माणसाने मोजलं तर बरं, घरातल्या कुणालातरी शिकवून ठेवा. आणि महिन्यातून एकदाच, कारण मोजण्यातच सेंटीमीटरभर इकडेतिकडे होतं. ढोबळ मानाने किलोमागे एक सेंटीमीटर उतरतो, म्हणून सहा महिन्यांचं ध्येय ९६. नव्वदच्या आत येणं हा पुढच्या वर्ष-दीड वर्षाचा विषय आहे.

काय केलं, तेही मोजायचं

वजन आणि घेर हे परिणाम आहेत, ते तुमच्या हातात नाहीत. तुमच्या हातात रोजची कृती आहे आणि आठवड्याच्या आत बोलणारं माप तेवढंच असतं. पण 'तेलकट कमी, गोड कमी' हे ध्येय नाही, कारण शनिवारी रात्री ते पूर्ण झालं की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. कृती अशी लिहायची की उत्तर हो किंवा नाही, किंवा एक आकडा, असंच यावं.

तुमच्यासाठी मी तीन निवडते. पहिली, चहातली साखर. चार कप, कपाला दोन चमचे, म्हणजे साधारण ४० ग्रॅम साखर आणि १६० कॅलरी. ट्रायग्लिसराइड २२८ असलेल्या माणसाने सगळ्यात आधी हात घालायची जागा हीच. ध्येय: दिवसाला बाहेरची साखर दोन चमच्यांच्या आत, आठवड्यातले सहा दिवस. दुसरी, संध्याकाळचं फरसाण. मूठ-दीड मूठ म्हणजे ५० ग्रॅम, त्यात अडीचशेच्या वर कॅलरी. दुकानात सहा वाजता भूक लागणारच, म्हणून नुसतं 'बंद' लिहू नका. फुटाणे, उकडलेले हरभरे किंवा मटकीची उसळ डब्यात नेली, असे दिवस मोजा, ध्येय आठवड्यातून पाच.

तिसरी आहे तेल, आणि ती घराची मिळून मोजायची. भाजी-आमटीत किती तेल पडलं ते ताटावर बसून कळत नाही, पण पिशवी कधी फोडली ते कळतं. फोडायच्या दिवशी पिशवीवर तारीख टाका. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर लागत असेल तर माणशी दिवसाला ३० ग्रॅमच्या आसपास पडतं. ते तीन लिटरवर आणलं तर प्रत्येकाचे दिवसाला साठ-सत्तर कॅलरी कमी होतात. एकट्याचा फरक छोटा आहे, पण घरातल्या सगळ्यांच्या ताटात तो आपोआप उतरतो आणि सणावारी तळण किती झालं हेही या तारखाच सांगतात.

हे तिन्ही मिळून दिवसाला चारशेच्या आसपास कॅलरीची तूट होते. फरसाणाच्या जागी काहीतरी खाल्लं जाईल तेवढी त्यातून वजा. पाव किलोसाठी कागदावर २७५ पुरेत, पण वजन उतरेल तसा शरीराचा खर्चही घटतो, म्हणून थोडं जास्त लागतं. चालणं आठवड्याला १५० मिनिटांच्या वर आहेच, ते ठेवा. त्यात दोन दिवस जोर लावायचे व्यायाम घाला: खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून दंड. खाणं कमी झालं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि ते काट्यावर यशासारखं दिसतं. तपासायचं असेल तर हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते आज मोजा, तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. वजन उतरलं आणि हा आकडाही घसरला, तर ताटात डाळ, उसळ, ताक, पनीर, अंडी यांतलं काहीतरी कमी पडतंय.

बीपी आणि रक्त

दवाखान्यातलं एकदाचं १३८/८८ हा सुरुवातीचा आकडा म्हणून कमकुवत आहे. दंडावर बांधायचं इलेक्ट्रॉनिक मशीन घ्या, मनगटावरचं नको. सात दिवस, सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर. पहिला दिवस सोडून उरलेल्यांची सरासरी काढा. हा झाला पाया. पुढे दर महिन्याला असाच एक आठवडा. घरची सरासरी १३५/८५ च्या वर असेल तर तो वाढलेला बीपी, आपलं ध्येय १३०/८० च्या आत.

रक्ताच्या चाचण्या तीन महिन्यांनी, त्याआधी नको. एचबीए१सी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो, सहाव्या आठवड्यात केला तर त्यात जुने दिवसच जास्त असतात. शक्यतो एकाच लॅबमध्ये, दहा-बारा तास उपाशी राहून, आधीचे दोन-तीन दिवस मद्य आणि लग्नाची पंगत टाळून. आणि फरक वाचताना हात आखडता ठेवा. एकाच माणसाचे ट्रायग्लिसराइड काहीही न बदलता २० टक्के वरखाली होऊ शकतात, त्यामुळे २२८ चे २०५ झाले तर मी आनंद राखून ठेवते आणि १६० झाले तर पाठ थोपटते. साखर ११२ ची १०७ होणं किंवा ६.१ चा ६.० होणं हा चाचणीच्या नेहमीच्या चुकीत बसणारा फरक आहे.

या सगळ्यांचा वेगही सारखा नसतो. ट्रायग्लिसराइड लवकर ऐकतात, साखर आणि मद्य कमी केलं तर काही आठवड्यांतच. बीपी वजनाबरोबर हळूहळू उतरतो. एचडीएल मात्र सगळ्यात उशिरा. वजन उतरत असताना तो कधीकधी थोडा खालीही जातो आणि वजन स्थिरावल्यावर वर येतो. तीन महिन्यांच्या रिपोर्टात ३६ चा ३५ बघून खचणारे बरेच जण माझ्याकडे येतात, म्हणून मी सहा महिन्यांपर्यंत एचडीएलवरून कोणताही निर्णय घेत नाही. तुमच्यासाठी तीन महिन्यांचं ध्येय ट्रायग्लिसराइड १७० च्या आत, आणि सहा महिन्यांचं १५० च्या आत, उपाशीपोटी साखर १०० च्या आत, एचबीए१सी ५.७ च्या आत. शेवटचे दोन गाठले नाहीत तरी ते खाली सरकत असतील तर योजना चालू आहे असं मी म्हणेन.

तीन महिन्यांनी काय ठरवायचं

समजा वहीत कृती बहुतेक आठवडे पाळलेल्या दिसतात आणि वजनाची सरासरी ८१ च्या खाली आली. मग काही बदलू नका, तसंच पुढे चला.

समजा कृती पाळल्या, वजन फक्त दीड किलो उतरलं, पण घेर ९८ आणि ट्रायग्लिसराइड १६५. इथे बहुतेक जण योजना फसली असं समजून उपासतापास सुरू करतात. मी काहीही बदलत नाही. चेन्नईहून चाललेल्या इंडियन डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅममध्ये, ज्याचे निष्कर्ष २००६ साली आले, जीवनशैली बदलणाऱ्यांच्या गटात मधुमेहाचं प्रमाण २८ टक्क्यांहून जास्त घटलं आणि तेही सरासरी वजन फारसं न उतरता. आपल्या लोकांचा बिघाड पोटातल्या चरबीत जास्त असतो, म्हणून काटा गप्प आणि टेप बोलती, हे आपल्याकडे नेहमी दिसतं.

कृती पाळल्या पण वजन, घेर, रक्त काहीच हललं नाही, तर दोन शक्यता. एक, मोजणीच्या बाहेर काहीतरी चाललंय: रविवारचं जेवण, दुकानातला सातवा-आठवा कप, रात्रीचं दूध-बिस्किट. तीन दिवस, त्यांतला एक रविवार, तोंडात गेलेलं सगळं लिहून काढा. दोन, वैद्यकीय कारण: थायरॉइडची टीएसएच तपासणी, मोठ्याने घोरणं आणि दिवसा डुलक्या येत असतील तर झोपेतल्या श्वासाची तपासणी, आणि दुसऱ्या कुठल्या आजारासाठी स्टेरॉइड वगैरे चालू आहेत का हे बघणं.

आणि कृतीच पाळल्या गेल्या नसतील तर त्या तुमच्या दिवसाला बसत नव्हत्या. तीनांतली एकच ठेवा, तीही अर्ध्या मापाची. तीन कप बिनसाखरेचे जमत नसतील तर दोन करा, पण वही चालू ठेवा.

काही गोष्टींसाठी मात्र तीन महिने थांबायचं नाही. बीपी वारंवार १६०/१०० च्या वर, ट्रायग्लिसराइड ५०० च्या पुढे, उपाशीपोटी साखर १२६ किंवा एचबीए१सी ६.५ च्या पुढे, यांतलं काही दिसलं तर लगेच डॉक्टरांकडे जा. वजनाचं काम सुरू आहे म्हणून औषध लांबवू नये. तीन महिन्यांनंतरही घरची बीपी सरासरी १३५/८५ च्या वर राहिली, तर औषधाबद्दल तेव्हाही बोला. आणि काटा भराभर उतरायला लागला, सोबत तहान वाढली, रात्री लघवीला उठावं लागतंय, थकवा आहे, तर ते यश नाही. साखर वाढल्याचं ते लक्षण असू शकतं. आठवड्याला किलोपेक्षा जास्त, सलग काही आठवडे उतरत असेल तरी दाखवा, फार वेगाने वजन उतरलं की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते.

सहा महिन्यांनंतर

बहुतेकांचं वजन पाच-सहा महिन्यांनी एका जागी थांबतं. शरीराचा खर्च घटलेला असतो आणि शिस्तही थोडी सैलावते. तिथे लगेच नवं ध्येय लावू नका. ७८ वर आलात तर पुढचे तीन महिने ध्येय फक्त ७८ राखण्याचं, आणि सीमा ८० ची. आठवड्याची सरासरी सलग दोन आठवडे ८० च्या वर गेली, तर त्याच सोमवारपासून चहा-फरसाण-तेल यांची वही पुन्हा पूर्ण भरायची, महिनाअखेरीची वाट बघायची नाही. दिवाळीनंतर ही सीमा ओलांडली जाते, म्हणून लक्ष्मीपूजनाच्या आठवड्यातही सकाळचं वजन चुकवू नका. तीन महिने टिकलं की तेव्हाच्या वजनाच्या आणखी ३-४ टक्क्यांचा विचार करू. रक्ताच्या चाचण्या तेव्हा सहा महिन्यांतून एकदा पुरतात, घेर मात्र दर महिन्यालाच.

तुमचे रिपोर्ट दोन महिने जुने आहेत आणि मधे चालणं सुरू झालंय, म्हणून नवी सुरुवात धरून या आठवड्यात लिपिड, उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी पुन्हा करून घ्या. सोबत हिमोग्लोबिन, यकृताची एसजीपीटी आणि टीएसएच. हिमोग्लोबिन यासाठी की लोह कमी असेल तर एचबीए१सी खरा आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतो. तसं निघालं तर तुमच्या बाबतीत उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांची साखर यांवरच भर द्यावा लागेल.